भाड्याच्या सिनेमाची दोन घड्याळं

१ ऑगस्ट २०२५ रोजी आमिर खानचा ‘सितारे ज़मीन पर’ घरोघरी पोहोचला, पण कुठल्याही ओटीटीच्या वर्गणीतून नाही. तो यूट्यूबवर भाड्याने मिळत होता आणि भारतात त्याचं भाडं होतं १०० रुपये. पैसे भरले, सिनेमा पाहिला, व्यवहार संपला, इतकं ते सरळ वाटत होतं. भाड्याने सिनेमा घ्यायची अनेक घरांची ती पहिलीच वेळ असावी. तिथेच एक जुना प्रश्न नव्याने उभा राहतो : पैसे आज भरले, पण घरातली सगळी माणसं रविवारी जमणार आहेत, तर सिनेमा रविवारी चालेल का? आणि अर्धा पाहून झोप आली, तर उरलेला बुधवारी पाहता येईल का?

या प्रश्नांचं उत्तर ठरलेलं असतं आणि ते आधी तपासूनही घेता येतं. त्यासाठी एवढं समजून घ्यावं लागतं की भाड्याच्या सिनेमाला मुदत एक नसते, दोन असतात. बहुतेक भांडणं आणि ‘पैसे बुडाले’ ही हळहळ या दोन मुदतींची गल्लत झाल्यामुळे होते.

तीस दिवस आणि अठ्ठेचाळीस तास

पहिली मुदत पैसे भरल्या क्षणी सुरू होते. या काळात सिनेमा पाहायला *सुरुवात* करायची असते. यूट्यूब, ॲपलचं टीव्ही ॲप आणि अ‍ॅमेझॉनने एप्रिल २०२२मध्ये भारतात सुरू केलेलं प्राइम व्हिडिओ स्टोअर या तिन्ही ठिकाणी ती साधारणपणे ३० दिवसांची असते. दुसरी मुदत तुम्ही ‘प्ले’ दाबता त्या क्षणी सुरू होते आणि ती साधारणपणे ४८ तासांची असते. त्या ४८ तासांत सिनेमा कितीही वेळा थांबवा, मागे न्या, पुन्हा पाहा, कोणी अडवत नाही. ते तास संपले की पहिल्या मुदतीतले २५ दिवस शिल्लक असले तरी त्यांचा काही उपयोग नसतो.

एक उदाहरण घड्याळ लावून पाहू. समजा, पुण्यातल्या एका घरात शुक्रवारी, १ ऑगस्टच्या रात्री नऊ वाजता हा सिनेमा भाड्याने घेतला. पहिली मुदत ३१ ऑगस्टच्या रात्री नऊला संपेल. रविवारी, ३ तारखेला रात्री साडेआठला सगळे टीव्हीसमोर बसले आणि प्ले दाबला. आता पहिली मुदत बाजूला पडली आणि दुसरी लागू झाली. ती मंगळवारी, ५ तारखेला रात्री साडेआठला संपणार. मध्यंतराला आजी म्हणाल्या, “उरलेला उद्या बघू,” तर सोमवार मोकळा आहे. मंगळवारही आहे, पण अर्धाच. सिनेमा अडीच तासांहून मोठा आहे. त्यामुळे शेजारच्या काकूंना तो पहिल्यापासून पाहायचा असेल, तर मंगळवारी संध्याकाळी साडेपाचच्या सुमाराला त्यांनी येऊन बसलेलं बरं. बुधवारी तोच सिनेमा पुन्हा उघडला, तर चित्राखाली ‘प्ले’च्या जागी पुन्हा भाड्याची किंमत दिसेल.

इथे दोन बारकावे आहेत. पहिला असा की झलक पाहिल्याने दुसरी मुदत सुरू होत नाही, पण खरा सिनेमा दोन सेकंद चालला तरी होते. लहान मुलाच्या हाती रिमोट गेला आणि त्याने प्ले दाबून लगेच बंद केलं, तरी तास मोजायला सुरुवात झालेली असते. काही ॲप ‘आता सुरू केलं तर इतके तास मिळतील’ असं विचारून खात्री करून घेतात. तो प्रश्न न वाचताच ‘हो’ म्हणायची सवय बोटांना लागलेली असते. दुसरा बारकावा डाउनलोडचा. सिनेमा फोनमध्ये उतरवून घेतल्याने ४८ तास सुरू होत नाहीत. ते प्लेनेच सुरू होतात. म्हणून कोकणातल्या गावी जाण्यापूर्वी घरच्या वायफायवर सिनेमा उतरवून ठेवायला हरकत नाही, फक्त ‘उतरला की नाही’ हे पाहण्यासाठी तो चालवून बघू नका.

४८ तासांचा हा आकडा इंटरनेटवर जन्मलेला नाही. अमेरिकेत १९९८ साली सर्किट सिटी या इलेक्ट्रॉनिक वस्तूंच्या दुकानसाखळीने ‘डिवएक्स’ नावाची योजना आणली होती. दुकानातून स्वस्तात एक तबकडी आणायची आणि ती पहिल्यांदा लावल्यापासून ४८ तास पाहायची. नंतर ती परत करायला जायची गरज नव्हती, कारण टेलिफोनच्या तारेला जोडलेलं यंत्रच ती पुढे चालू द्यायचं नाही. लोकांना हा प्रकार पटला नाही. जून १९९९मध्ये योजना बंद झाल्याचं जाहीर झालं आणि ३० जून २००१ नंतर त्या तबकड्या कायमच्या मुक्या झाल्या. कल्पना मात्र टिकली. ॲपलने जानेवारी २००८मध्ये आयट्यून्सवर भाड्याचे सिनेमे आणले, तेव्हा सुरुवात करायला ३० दिवस आणि संपवायला २४ तास अशी वाटणी होती. पुढे २४चे ४८ झाले. आपल्याकडच्या जुन्या व्हिडिओ लायब्ररीत कॅसेट उशिरा परत केली तर दंड भरावा लागे. आता परत करण्यासारखं काही नसतं, म्हणून दंडही नाही. सिनेमा आपोआप बंद होतो.

फाइल एक, परवाना दुसरा

तो आपोआप कसा बंद होतो, हे कळलं की पुढच्या निम्म्या अडचणी आपल्या आपण उलगडतात. भाड्याचा किंवा विकतचा सिनेमा तुमच्या उपकरणात येतो तो कुलूपबंद स्वरूपात. त्याची किल्ली वेगळी येते. त्या किल्लीसोबत अटींची एक छोटी चिठ्ठी असते आणि या दोन्हींना मिळून परवाना म्हणतात. अँड्रॉइड फोन, क्रोम ब्राउझर आणि बऱ्याचशा स्मार्ट टीव्हींमध्ये हे काम गुगलची ‘वाइडवाइन’ नावाची यंत्रणा करते, तर ॲपलच्या उपकरणांत ‘फेअरप्ले’. वाइडवाइनच्या परवान्यात आपल्या त्या दोन मुदती अक्षरशः दोन वेगळ्या ओळींत लिहिलेल्या असतात, आणि त्याही सेकंदांत :

```
rental_duration_seconds: 2592000
playback_duration_seconds: 172800
```

पहिली ओळ ३० दिवसांची, दुसरी ४८ तासांची. प्ले दाबेपर्यंत पहिली ओळ लागू असते, दाबल्यावर दुसरी. ‘मुदत सिनेमा चालू असतानाच संपली तर काय करायचं’ हेही याच चिठ्ठीत ठरवता येतं. दुकानाने तशी मुभा दिली असेल, तर चालू असलेला सिनेमा शेवटपर्यंत चालतो. मात्र मध्ये थांबवून बाहेर पडलात की परत आत जाता येत नाही. मुभा दिलेली नसेल, तर ऐन शेवटच्या प्रसंगात पडदा काळा होतो. कोणत्या सिनेमाला ही मुभा आहे हे प्रेक्षकाला कुठे दिसत नाही. म्हणून शेवटच्या दोन-तीन तासांवर भिस्त ठेवू नये, आणि वेळ तशी आलीच तर चहासाठी सिनेमा थांबवू नये.

फाइल आणि परवाना वेगळे आहेत हे लक्षात आलं की ‘सिनेमा तर फोनमध्ये आहे, मग चालत का नाही?’ या प्रश्नाचं उत्तर मिळतं. फोनमध्ये दोन जीबीची फाइल धडधाकट पडलेली असते, पण परवान्याची मुदत संपलेली असते. बरेचदा ॲप ती फाइल स्वतःहून पुसतंही. पण पुसली नाही, म्हणजे सिनेमा अजून आपला आहे असं नव्हे.

फोनची तारीख मागे करून मुदत वाढवता येईल असं सुचवणारे हुशार मित्र प्रत्येकाला असतात. त्याने मुदत वाढत नाही. उलट, चुकीच्या तारखेमुळे फोनचा दुकानाशी सुरक्षित संपर्कच होत नाही, आणि चांगला चालणारा परवानाही नवा करून घेता येत नाही. ही अडचण मुद्दाम न केलेल्या चुकीतूनही येते. बॅटरी पूर्ण उतरून गेलेल्या जुन्या टॅबलेटची तारीख भलत्याच वर्षावर गेलेली असते आणि विकत घेतलेले सगळे सिनेमे एकदम ‘मुदतबाह्य’ दिसू लागतात. असं झालं तर घाबरू नका. सेटिंगमध्ये तारीख-वेळ ‘आपोआप’ या पर्यायावर ठेवा आणि इंटरनेट जोडून ॲप पुन्हा उघडा.

आधी तपासायचं कुठे?

मुदत किती उरली हे शोधायला सिनेमा चालवून पाहणं हा सगळ्यात वाईट मार्ग, कारण पहिल्या मुदतीत असाल तर दुसरी तिथेच सुरू होते. प्ले न दाबता तपासायच्या जागा आहेत.

यूट्यूबमध्ये ‘You’ या टॅबमध्ये तुमच्या सिनेमांची वेगळी यादी असते. भाड्याने घेतलेला सिनेमा तिथे असेल आणि त्याच्या पानावर किंमत दिसत नसेल, तर भाडं जिवंत आहे. प्राइम व्हिडिओमध्ये ‘My Stuff’मध्ये भाड्याच्या आणि विकतच्या सिनेमांचा विभाग असतो. ॲपलच्या टीव्ही ॲपमध्ये ‘Library’त जाऊन भाड्याच्या यादीतलं सिनेमाचं नाव उघडलं की उरलेला वेळ लिहिलेला दिसतो. यादीत सिनेमाच सापडला नाही, तर मुदत संपली असं लगेच ठरवू नका. आधी ॲप कोणत्या खात्याने उघडलं आहे ते बघा. एका फोनवर दोन-तीन ईमेल असणं आता नेहमीचंच आहे. पैसे ऑफिसच्या ईमेलखाली भरलेले असतात आणि टीव्हीवर घरचा ईमेल चालू असतो. अशा वेळी खरा साक्षीदार म्हणजे पावतीचा ईमेल. तो ज्या पत्त्यावर आला, सिनेमा त्या खात्यात आहे. पावतीवर व्यवहाराची तारीख-वेळही असते, म्हणजे तीस दिवस कधी संपतात याचा हिशेब करता येतो. गुगलवरच्या व्यवहारांची यादी `pay.google.com` इथेही मिळते.

पावती वाचताना आणखी एक गोष्ट पाहून घ्यावी : घेतलं ते भाड्याने की विकत? दोन्ही बटणं शेजारी शेजारी असतात आणि रिमोटने निवड करताना चुकीच्या बटणावर जाणं अगदी सोपं. चूक लवकर कळली आणि प्ले दाबलेला नसेल, तर परताव्याची विनंती करता येते. बहुतेक दुकानं न पाहिलेल्या सिनेमाच्या बाबतीत ऐकून घेतात. एकदा सिनेमा सुरू केला की ते दार जवळजवळ बंद होतं. म्हणजे प्ले दाबल्यावर तास मोजायला सुरुवात होते आणि परताव्याचा हक्कही कमजोर होतो. दुकानाने चुकीचे पैसे कापून दाद दिली नाही, तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा १९१५ हा क्रमांक आहे. तिथे तक्रार करताना हीच पावती लागते.

‘उपकरणांची मर्यादा’ म्हणजे नेमकी कोणती?

मुदत शिल्लक आहे, खातंही बरोबर आहे, तरी पडद्यावर संदेश येतो की उपकरणांची मर्यादा ओलांडली. या संदेशामागे तीन अगदी वेगळ्या मर्यादा असू शकतात आणि प्रत्येकीचा उपायही वेगळा.

पहिली मर्यादा खात्याला जोडलेल्या उपकरणांची. ॲपलचं उदाहरण घेऊ, कारण तिथले आकडे बऱ्याच वर्षांपासून स्थिर आहेत. विकत घेतलेला मजकूर वापरण्यासाठी एका खात्याला जास्तीत जास्त दहा उपकरणं जोडता येतात आणि त्यांतले संगणक पाचच असू शकतात. विकून टाकलेला आयफोन, मुलीला दिलेला आयपॅड, बिघडून माळ्यावर गेलेला लॅपटॉप या सगळ्यांनी आपापली जागा अडवून ठेवलेली असते. ही मर्यादा आड आली, तर खात्याच्या सेटिंगमध्ये जोडलेल्या उपकरणांची यादी उघडून जुनी नावं काढून टाकायची. एक गोष्ट मात्र ध्यानात ठेवा. एखादं उपकरण एका खात्याला जोडल्यावर ते दुसऱ्या खात्याला जोडण्यासाठी ९० दिवस थांबावं लागतं. म्हणून भावाचा फोन ‘थोडा वेळ’ आपल्या खात्याला जोडून सिनेमा दाखवण्याचा उद्योग त्याला तीन महिने महाग पडू शकतो. जुना फोन विकतानाही आधी खातं काढावं आणि मगच तो द्यावा.

दुसरी मर्यादा एकाच वेळी चालणाऱ्या पडद्यांची. विकत घेतलेल्या सिनेमापेक्षा भाड्याच्या सिनेमाला ही जास्त कडक असते. एका वेळी एकाच पडद्यावर, असा सर्वसाधारण प्रघात आहे. बाबा हॉलमध्ये पाहत आहेत आणि मुलाने तोच सिनेमा खोलीत फोनवर उघडला, तर दोघांपैकी एकाला संदेश येणार. इथे कोणतंही उपकरण काढून टाकायची गरज नसते. आधीच्या पडद्यावर सिनेमा फक्त थांबवून भागत नाही. त्यातून बाहेर पडावं लागतं आणि दुकानाला ते कळायला मिनिट-दोन मिनिटं द्यावी लागतात. टीव्ही नुसता रिमोटने बंद केला आणि आतलं ॲप जागंच राहिलं, तर दुकानाच्या लेखी सिनेमा अजून चालूच असतो.

तिसरी मर्यादा उतरवून ठेवण्याची. डाउनलोड केल्यावर परवाना त्या उपकरणातच साठवला जातो. बाहेरून तो कोणी काढून घेऊ शकत नाही, कारण ते उपकरण इंटरनेटला जोडलेलंच नसेल. म्हणून भाड्याचा सिनेमा एका उपकरणावर उतरवला असेल, तर तो दुसऱ्यावर उतरवू देताना दुकानं हात आखडता घेतात. उपाय एकच. पहिल्या उपकरणावरचं डाउनलोड काढून टाका आणि *ते करताना इंटरनेट चालू ठेवा*. नेट बंद असताना फाइल पुसली, तर परवाना परत केल्याची नोंद दुकानापर्यंत पोहोचत नाही. मग दुसऱ्या फोनवर ‘हा सिनेमा आधीच उतरवलेला आहे’ असा संदेश येत राहतो आणि आपण म्हणत राहतो, “अहो, मी तर केव्हाच काढला!”

या तिन्ही मर्यादांपलीकडे एक चौथी गोष्ट आहे, ती म्हणजे कुटुंब. ॲपलच्या कौटुंबिक वाटणीत आणि गुगलच्या फॅमिली लायब्ररीत विकत घेतलेले बरेच सिनेमे घरच्यांना दिसतात. भाड्याचे दिसत नाहीत. वडिलांनी साताऱ्यात आपल्या खात्यावर भाड्याने घेतलेला सिनेमा बेंगळुरूतल्या लेकीच्या यादीत येणार नाही. तिच्या यादीत तो नाही म्हणून वडिलांचे पैसे बुडाले असं समजायचं कारण नाही. सिनेमा खात्यात असतो, टीव्हीत नसतो आणि कुटुंबातही नसतो. ज्या टीव्हीवर पाहायचा आहे, त्या टीव्हीवर ते खातं चालू करणं हाच मार्ग.

वर्गणीच्या मर्यादाही यात मिसळू नयेत. भारतात प्राइम सदस्यत्वासाठी जानेवारी २०२५पासून पाच उपकरणं आणि त्यांत जास्तीत जास्त दोन टीव्ही, अशी अट आली. ती सदस्यत्वातून पाहायच्या मजकुराची अट. त्याच ॲपमधून पैसे भरून घेतलेल्या सिनेमाच्या अटी त्या सिनेमाच्या व्यवहारात वेगळ्या लिहिलेल्या असतात.

मुदत आहे, खातं आहे, तरी चित्र नाही

वेबवर कुलूपबंद व्हिडिओ कसा चालवायचा याचं एक मानक आहे. वेबचे नियम ठरवणाऱ्या ‘डब्ल्यूथ्रीसी’ या संस्थेने ते २०१७मध्ये मंजूर केलं. त्यात किल्लीची स्थिती सांगणारे ठरावीक शब्द आहेत. किल्ली चालते तेव्हा `usable`, मुदत संपली की `expired`, आणि किल्ली चांगली आहे पण चित्र ज्या पडद्याकडे जातंय तो पडदा चालत नाही, तेव्हा `output-restricted`. ब्राउझरला ही तीन उत्तरं वेगवेगळी कळतात. आपल्यासमोर मात्र ॲप बहुधा एकच पाटी लावतं : ‘काहीतरी चुकलं, नंतर प्रयत्न करा.’ म्हणून कोणतं उत्तर आलं हे आपल्यालाच लक्षणांवरून ओळखावं लागतं.

मुदत संपली असेल, तर सिनेमाच्या पानावर पुन्हा किंमत दिसते. हे सर्वांत स्वच्छ लक्षण. किंमत दिसत नाही, आवाज येतो पण चित्र काळं आहे, किंवा फोनवर नीट चालतं आणि प्रोजेक्टरला जोडल्यावर बंद पडतं, तर दोष पडद्याकडे जाणाऱ्या मार्गात आहे. एचडीएमआयच्या तारेतून चित्र जाताना दोन्ही टोकांची उपकरणं एकमेकांची ओळख पटवून घेतात. त्या पद्धतीला ‘एचडीसीपी’ म्हणतात. मधला स्वस्त अडॅप्टर, जुना मॉनिटर किंवा सोसायटीच्या हॉलमधला जुना प्रोजेक्टर ही ओळख देऊ शकत नसेल, तर परवाना चित्र सोडत नाही. चाचणी सोपी आहे : तार काढा आणि त्याच फोनच्या किंवा लॅपटॉपच्या पडद्यावर चालवून पाहा. चाललं, तर दुकानाशी वाद घालण्यात अर्थ नाही, तार किंवा प्रोजेक्टर बदला. अर्थात, ही चाचणी केली की ४८ तास सुरू होतात. म्हणून ती भाड्याच्या सिनेमावर करण्याऐवजी आधीच विकत घेतलेल्या एखाद्या सिनेमावर किंवा वर्गणीतल्या सिनेमावर करावी.

चित्र येतं पण पुसट येतं, ही तिसरी अवस्था. वाइडवाइनमध्ये उपकरणांच्या विश्वासाच्या पायऱ्या असतात. ज्या फोनमध्ये कुलूप उघडण्याचं काम चिपच्या सुरक्षित भागात होतं, तो ‘एल१’. जिथे ते नुसत्या सॉफ्टवेअरने होतं, तो ‘एल३’. एल३ उपकरणाला दुकानं बहुधा साध्या दर्जाचंच चित्र देतात, मग तुम्ही एचडीचे पैसे भरलेले असोत. संगणकावर ब्राउझर बदलला तरी हा फरक पडू शकतो. फोन कोणत्या पायरीवर आहे हे ‘DRM Info’ या छोट्या ॲपमध्ये फुकट दिसतं. फोन एल३ निघाला, तर महागडं एचडी भाडं भरण्याआधी टीव्हीवर पाहायची सोय करा, नाहीतर स्वस्त भाडं घ्या.

आणि शेवटची, परदेशी राहणाऱ्यांना हमखास भेटणारी अडचण. सिनेमाचे हक्क देशागणिक विकले जातात. न्यू जर्सीत भाड्याने घेतलेला सिनेमा सुट्टीत नाशिकला आल्यावर ‘तुमच्या ठिकाणी उपलब्ध नाही’ असं सांगू शकतो, आणि तीस दिवस मात्र सरतच राहतात. विमानात किंवा पोहोचल्यावर पाहायचा असेल, तर निघण्यापूर्वी तिथेच उतरवून घ्यावा.

आणि ‘विकत’ घेतलेला?

विकत घेतलेल्या सिनेमाच्या परवान्यात ३० दिवस आणि ४८ तास नसतात, पण परवाना असतोच. तो देणारं दुकान आणि दुकानाला सिनेमा देणारी कंपनी, या दोघांमधला करार टिकेपर्यंतच तो नवा होत राहतो. गुगलने २००७मध्ये आपलं पहिलं व्हिडिओ दुकान बंद केलं, तेव्हा लोकांनी ‘कायमचे’ विकत घेतलेले व्हिडिओ १५ ऑगस्ट २००७नंतर चालेनासे झाले. ओरड झाल्यावर पैसे परत करावे लागले. सोनीने २०२३च्या अखेरीस प्लेस्टेशनच्या ग्राहकांना कळवलं की डिस्कव्हरीचे विकत घेतलेले कार्यक्रम ३१ डिसेंबरपासून त्यांच्या संग्रहातून जातील. नंतर नवा करार झाला आणि निर्णय मागे घेतला गेला. उलट उदाहरणही आहे. गुगलने जानेवारी २०२४मध्ये प्ले मूव्हीज हे ॲप गुंडाळलं, तेव्हा तिथली खरेदी नाहीशी झाली नाही, पण ती शोधायची जागा बदलली. ज्यांना ती जुन्या ॲपमध्ये सापडली नाही, त्यांना ती यूट्यूबमध्ये मिळाली.

अशा गोंधळामुळेच अमेरिकेतल्या कॅलिफोर्निया राज्याने कायदा केला. १ जानेवारी २०२५पासून तिथे डिजिटल वस्तूवर नुसतं ‘विकत घ्या’ लिहून चालत नाही. दुकान परत घेऊ शकेल असा परवाना ग्राहकाला मिळतो आहे, हे स्पष्ट सांगावं लागतं. कायमची उतरवून, नेटशिवाय वापरता येणारी वस्तू या अटीतून वगळली आहे. भारतातल्या ग्राहकालाही हीच फूटपट्टी वापरता येते. जो सिनेमा केवळ त्यांच्या ॲपमध्ये, त्यांच्या परवान्याने चालतो, त्यासाठी आपण दीर्घ मुदतीचं भाडं भरलं आहे, असं धरून चालावं.

त्यामुळे विकत घेण्याचा निर्णय करताना हिशेब साधा ठेवावा. सिनेमा दोन-तीनदाच पाहिला जाणार असेल आणि विकतची किंमत भाड्याच्या तिप्पट-चौपट असेल, तर भाडंच बरं. मुलं ज्याची पारायणं करतात असा सिनेमा विकत घ्यायला हरकत नाही, कारण किंमत एक-दोन वर्षांतच वसूल होते. विकत घेतलेल्यांची यादी मात्र वर्षातून एकदा उघडून, प्रत्येक सिनेमा मिनिटभर चालवून पाहावा. विकतच्या सिनेमाला दुसरी मुदत नसल्याने या चाचणीत काही खर्ची पडत नाही. एखादा चालला नाही, तर पावती हाताशी असताना, दुकान अजून उघडं असताना आणि तक्रार ऐकायला समोर कोणी असताना ते कळलेलं बरं.